‘असल्यास’ या एका शब्दापाशी

ऑक्टोबर २०२१ मध्ये करवा चौथच्या तोंडावर डाबर कंपनीच्या ‘फेम’ या ब्लीच क्रीमची जाहिरात आली. दोन तरुणी एकमेकींसाठी उपवास करतात, चाळणीतून आधी चंद्र आणि मग एकमेकींचा चेहरा पाहतात, असं तिचं कथानक होतं. काहींनी कौतुक केलं, तर अनेकांनी ही आपल्या सणाची चेष्टा आहे म्हणून आक्षेप घेतला. कंपनीनं पहिलं निवेदन काढलं. विविधता आणि समानता या मूल्यांवर आमचा विश्वास आहे, आमची भूमिका सर्वांना पटेलच असं नाही, कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर ते अनवधानानं घडलं आणि त्याबद्दल आम्ही माफी मागतो, असा त्याचा आशय होता. जाहिरातीच्या पाठीशी उभे राहिलेल्यांचे आभारही त्याच निवेदनात होते.

वाद थांबला नाही. मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कारवाईचा इशारा दिला. मग दुसरं निवेदन आलं, ते अवघ्या एका वाक्याचं. जाहिरात सर्व समाजमाध्यमांवरून मागे घेतली आहे आणि लोकांच्या भावना अजाणतेपणी दुखावल्याबद्दल बिनशर्त माफी मागतो, एवढंच त्यात होतं.

ही दोन निवेदनं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. पहिलं लांब आहे. त्यात भूमिकेचं समर्थन, विरोधकांचा आदर, माफी आणि पाठीराख्यांचे आभार असं सगळं एकत्र आलं आहे. जो दुखावला आहे तो त्यातली माफी वाचतो आणि पुढच्याच ओळीत आपल्या विरोधी बाजूचे आभार वाचतो. जो पाठीशी उभा होता त्याला माफी खटकते. दुसऱ्या निवेदनानं पहिल्या बाजूला हवं ते दिलं, पण तोवर पाठीराख्यांचा हात सुटला होता. जाहिरातीवर ठाम राहायचं की ती मागे घ्यायची, हे कंपनीच्या मनात पक्कं होण्याआधीच पहिला मजकूर लिहिला गेला, असं तो वाचताना जाणवतं. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

सणासुदीच्या जाहिरातीवरून उठलेल्या वादाला उत्तर देणारा मजकूर पाच-सात वाक्यांचा असतो. तरी तो बहुतेक वेळा फसतो आणि फसण्याच्या जागा जवळजवळ ठरलेल्या असतात. मराठीत तर एक शब्दच त्याची खूण सांगतो. ‘भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो.’ यातला ‘असल्यास’ काय करतो ते पाहावं. हजारो माणसांनी आपण दुखावलो असं सांगून झालं आहे. त्यानंतरही निवेदन म्हणतं, की तसं झालं आहे की नाही हे आम्हाला माहीत नाही, झालं असेल तर पाहू. समोरचा माणूस रडत असताना ‘तू रडत असशील तर’ असं म्हणण्यासारखं ते आहे.

दुसरी जागा क्रियापदाची. ‘भावना दुखावल्या गेल्या’ या रचनेत दुखावणारा कुठेच दिसत नाही. पाऊस पडावा, वारा सुटावा, तशा भावना आपोआप दुखावल्या जातात. ‘आम्ही दुखावलं’ असं लिहिलं की कर्ता उभा राहतो. तिसरी जागा ‘दिलगिरी’ची. हा शब्द मुळात मन खिन्न होण्याचा आहे. गाडी उशिरा सुटल्याबद्दलही दिलगिरी असते आणि शेजाऱ्याच्या घरी दुःखद घटना घडली तरी असते. तिच्यात आपली चूक कबूल करणं येत नाही. ते ‘माफी’त येतं. म्हणून दिलगिरीनं काम भागेल की माफीच मागायला हवी, हा केवळ भाषेच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. दोन्ही शब्दांची हमी वेगवेगळी आहे आणि मराठी वाचकाला ती बरोबर कळते.

हे शब्द लिहिणाऱ्यांना कळत नाहीत असं नाही. त्यांच्या मागे बहुतेक वेळा कायद्याची भीती असते. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली होते. दोन्हीकडे गुन्ह्याचा गाभा एकच आहे: अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला असला पाहिजे. एका व्यवसायविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर २०१३ मध्ये महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवलं होतं. त्यावरचा खटला रद्द करताना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं, की निष्काळजीपणानं किंवा नकळत झालेला अपमान या कलमात बसत नाही.

म्हणजे ‘आमचा तसा हेतू नव्हता’ या वाक्याला कायद्यात खरंच वजन आहे आणि वकील ते घालायला सांगतात ते बरोबरच सांगतात. अडचण होते ती ते पहिल्या ओळीत आल्यावर. वाचणारा न्यायाधीश नसतो. त्याला आधी आपलं म्हणणं ऐकलं गेलं का ते हवं असतं, निवेदन मात्र स्वतःच्या बचावापासून सुरुवात करतं. शिवाय वर सांगितलेलं तत्त्व नीट वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. ‘आमच्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही’ ही कबुली निष्काळजीपणाची आहे, दुष्ट हेतूची नाही. चूक मान्य केली म्हणजे गुन्हा मान्य केला, हे समीकरण इथे जुळत नाही. अर्थात तक्रार दाखल झालीच असेल, तर मजकूर आपल्या वकिलाला दाखवूनच बाहेर काढावा.

पण मजकूर लिहायला बसण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. खरंच चूक झाली आहे का?

ऑक्टोबर २०२० मधली तनिष्कची ‘एकत्वम्’ जाहिरात यासाठी आठवावी. मुस्लिम सासरी आलेल्या हिंदू सुनेचं डोहाळजेवण तिच्या पद्धतीनं करणारं घर त्यात दाखवलं होतं. तिच्यावर मोठा गदारोळ झाला. जाहिरातींचं स्वनियमन करणाऱ्या एएससीआय या संस्थेकडे तक्रार गेली. जाहिरातीत असभ्य किंवा किळसवाणं काही नाही, असं सांगून संस्थेच्या समितीनं ती फेटाळली. तरी कंपनीनं जाहिरात मागे घेतली. निवेदनात म्हटलं होतं, की लोकांना एकत्र आणणं हा उद्देश होता, घडलं त्याच्या उलट, अनवधानानं भावना चाळवल्या गेल्याचं आम्हाला दुःख आहे आणि दुखावलेल्या भावना तसंच आपले कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतले लोक यांचं हित लक्षात घेऊन आम्ही ही चित्रफीत मागे घेत आहोत.

या निवेदनात चुकीची कबुली नाही, माफीही नाही, आणि ते योग्यच आहे. कारण कंपनीला चूक झाली असं वाटत नव्हतं. त्यातलं सर्वांत खरं वाक्य दुकानातल्या माणसांबद्दलचं आहे. ते नुसतं शोभेचं नव्हतं. गुजरातमधल्या गांधीधामच्या दुकानाच्या दारावर माफीची चिठ्ठी लागली होती आणि तिथल्या व्यवस्थापकाला धमकीचे फोन आल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. भीती खरी होती आणि ती निवेदनात लिहिली गेली. न पटलेली माफी मागण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. मागे न घेण्याचा मार्गही आहे. सर्फ एक्सेलच्या २०१९ च्या होळीच्या जाहिरातीत एक मुलगी सगळे रंग स्वतःवर घेते, म्हणजे तिच्या मुस्लिम मित्राला पांढऱ्या कपड्यांत नमाजाला जाता यावं. बहिष्काराच्या हाका आल्या, तरी हिंदुस्तान युनिलिव्हरनं ती जाहिरात मागे घेतली नाही.

तेव्हा वाटा दोन. चूक झाली असेल तर माफी, कर्त्यासकट. नसेल तर लोकांच्या दुःखाची दखल आणि आपल्या निर्णयाचं खरं कारण. या दोन्हींची खिचडी केली की डाबरच्या पहिल्या निवेदनासारखं होतं.

खुलाशाचंही असंच. २०२१ च्या दिवाळीआधी फॅबइंडियानं ‘जश्न-ए-रिवाज’ या नावाखाली कपडे आणले. दिवाळीला हे नाव कशाला, असा आक्षेप आल्यावर जाहिरात काढली गेली आणि खुलासा आला, की हा आमचा दिवाळीसंग्रह नव्हेच, ‘झिलमिल सी दिवाली’ नावाचा दिवाळीसंग्रह अजून यायचा आहे. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण ज्यांनी त्या जाहिरातीत दिवाळीच पाहिली होती, त्यांना हे उत्तर शब्दांत पकडून हरवल्यासारखं वाटलं. उर्दू शब्द वापरणं ही चूक नाही, असं कंपनीला वाटत असेल तर तेच सांगण्याची ती जागा होती. खुलाशानं ती सोडून दिली.

उलट खुलासा कामाचा कसा ठरतो ते नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या निवेदनात दिसतं. त्यांच्या नाताळच्या जाहिरातीतल्या एका छायाचित्रात लाल, हिरव्या आणि चंदेरी कागदी टोप्या शेगडीत जळताना दिसत होत्या. गाझातलं युद्ध पेटलेलं असताना अनेकांना त्यात पॅलेस्टाइनच्या झेंड्याचे रंग दिसले. कंपनीनं सांगितलं, की हे चित्रीकरण ऑगस्टमधलं आहे, नाताळच्या टोप्या काहींना आवडत नाहीत एवढंच गमतीनं दाखवायचं होतं, लोकांचं म्हणणं ऐकून चित्र काढलं आहे आणि नकळत झालेल्या दुखापतीबद्दल माफी मागतो. ऑगस्ट ही तारीख इथे महत्त्वाची, कारण युद्ध ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. ती कोणालाही पडताळता येते आणि हेतूबद्दल दहा वाक्यं लिहिण्यापेक्षा जास्त सांगते. तिच्यामुळे लोकांचं दिसणं खोटं ठरवावं लागत नाही.

आता एक उदाहरण मुळापासून करून पाहू. समजा, पश्चिम महाराष्ट्रातली एक मसाल्याची कंपनी आहे. कांदा-लसूण मसाला हे तिचं खपाचं उत्पादन. गौरी-गणपतीच्या आधी तिनं तीस सेकंदांची जाहिरात केली. सून गणपतीपुढे नैवेद्याचं ताट ठेवते, ताटात भरल्या वांग्यांची भाजी, शेजारी मसाल्याचं पाकीट. आजी म्हणते, ‘आज बाप्पासुद्धा बोटं चाटणार!’ दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. नैवेद्याला कांदा-लसूण? कुणी दुकानदाराला जाब विचारतो, कुणी जाहिरातीतल्या अभिनेत्रीला शिव्या घालतो.

कंपनीचा पहिला मसुदा बहुधा असा होईल: ‘आमच्या जाहिरातीमुळे काही ग्राहकांच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. कोणाच्याही भावना दुखावण्याचा आमचा हेतू नव्हता. गेली अनेक वर्षे आम्ही महाराष्ट्राच्या परंपरेचा सन्मान करत आलो आहोत. जाहिरातीचा चुकीचा अर्थ काढला जात असला, तरी ग्राहकांच्या भावनांचा आदर राखून आम्ही ती मागे घेत आहोत.’

यात काय घडलं, हे कुठेच नाही. हा मजकूर साबणाच्या, दागिन्यांच्या, कुठल्याही जाहिरातीला चालेल, आणि निवेदन पोकळ आहे हे ओळखण्याची हीच सोपी खूण. ‘काही ग्राहक’ म्हणून तक्रारदारांची संख्या कमी केली आहे. ‘चुकीचा अर्थ’ म्हणून दोष त्यांच्यावरच टाकला आहे. परंपरेचा सन्मान हे स्वतःचं कौतुक आहे, तेही चुकीच्या वेळी.

दुसरा मसुदा लिहिण्याआधी कंपनीतल्या एखाद्या शहाण्या माणसानं दोन-तीन तास बसून तक्रारी वाचायला हव्यात. निव्वळ शिवीगाळ बाजूला ठेवली की नेमकं काय खटकलं ते दिसतं. इथे आजीचं वाक्य फार कोणाला टोचलेलं नसेल. टोचला असेल तो ताटाशेजारचा कांदा-लसणाचा मसाला. चित्रीकरणात पाकीट दिसायला हवं म्हणून ते तिथे ठेवलं आणि कोणी विचारलंच नाही, हे आतल्या चौकशीत कळेल. म्हणजे चूक झाली आहे आणि ती कोणती हेही कळलं आहे. मग मजकूर असा होतो:

‘गौरी-गणपतीच्या आमच्या जाहिरातीत गणपतीपुढच्या नैवेद्यात कांदा-लसूण मसाल्याची भाजी दाखवली, ही आमची चूक आहे. अनेक घरांत हा नैवेद्य कांदा-लसणाशिवाय होतो. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. आम्ही ज्यांचं मन दुखावलं, त्यांची माफी मागतो. ही जाहिरात मंगळवार संध्याकाळपासून टीव्ही आणि समाजमाध्यमांवरून काढली आहे. दुकानांतले फलक गुरुवारपर्यंत उतरवू. जाहिरातीतले कलाकार आणि आमचा माल विकणारे दुकानदार यांचा या निर्णयाशी संबंध नव्हता. राग असेल तर तो कृपया आमच्यावर काढा.’ खाली कंपनीच्या मालकाचं किंवा व्यवस्थापकीय संचालकाचं नाव.

पहिलं वाक्य मुद्दाम असं आहे. वृत्तवाहिनी किंवा वर्तमानपत्र एकच वाक्य उचलतं आणि जे उचललं जाईल त्यात चूक कोणती आणि कोणाची, दोन्ही असलं पाहिजे. अमेरिकेतल्या रॉय लुइकी आणि सहकाऱ्यांनी माफीच्या घटकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पश्चात्ताप, कारण, भरपाई, क्षमायाचना अशा सहा घटकांत लोकांवर सर्वाधिक परिणाम जबाबदारी मान्य करण्याचा झाला, त्याखालोखाल भरपाईचा. ‘आम्हाला क्षमा करा’ ही विनवणी सर्वांत शेवटी आली. वरच्या मजकुरात ती नाहीच, आणि तिची उणीवही भासत नाही.

‘अनेक घरांत’ हे दोन शब्द सर्वांत विचार करून घातलेले आहेत. घाबरलेली कंपनी इथे ‘हिंदू धर्मात नैवेद्याला कांदा-लसूण निषिद्ध आहे’ असं लिहून बसेल. पण महाराष्ट्र एवढा एकसारखा नाही. कोकणात आणि इतरही काही समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य दाखवण्याची रीत आहे. त्या वेळी गणपती आणि गौरीच्या मध्ये पडदा धरणारी घरं आहेत. एका बाजूची माफी मागताना दुसऱ्या बाजूच्या घरातली रीत चुकीची ठरवली, तर उद्या दुसरं निवेदन काढावं लागेल आणि तो राग अधिक रास्त असेल. कंपनीनं आपल्या जाहिरातीबद्दल बोलावं. धर्मात काय चालतं, याचा निवाडा देऊ नये.

हेतूचं वाक्य गाळलं आहे असं वाटेल, पण ‘लक्षात यायला हवं होतं, आलं नाही’ यात ते आहे. मुद्दाम केलेल्या गोष्टीबद्दल कोणी असं म्हणत नाही.

मंगळवार आणि गुरुवार या दिवसांवरच पुढे सगळं अवलंबून असतं आणि इथेच चांगला मजकूरही खोटा पडतो. मुंबईच्या वाहिन्यांवरून जाहिरात निघते, पण तालुक्याच्या केबलवर तिचे पैसे आधीच भरलेले असतात आणि ती चालू राहते. यूट्यूबवर जाहिरात संस्थेनं आपल्या कामाचा नमुना म्हणून ठेवलेली प्रत तशीच राहते. वितरकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातली चित्रफीत दुकानदार सणाच्या शुभेच्छा म्हणून पुढे पाठवत राहतात. म्हणून दिवस लिहिण्याआधी प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या आणि वितरण सांभाळणाऱ्या माणसांना फोन करून खात्री करावी. फलक उतरवायला शनिवार लागणार असेल तर शनिवार लिहावं. उशिराचा खरा दिवस चालतो, लवकरचा खोटा चालत नाही.

मजकूर जिथे जाहिरात लागली होती तिथेच, तेवढ्याच ठळकपणे यावा. त्याच्या कडेनं तोरण, समई, ‘गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’ असं काही नको. पुढच्या खरेदीवर सवलत तर नकोच. दुकानदारांना निवेदन वर्तमानपत्रात वाचायला मिळू नये, त्यांना आदल्या रात्री फोन जावा, कारण सकाळी गिऱ्हाईक त्यांच्यासमोरच उभं राहणार आहे. एकदा बोलल्यावर कंपनीनं समाजमाध्यमांवर प्रत्येकाशी वाद घालत बसू नये. कोणी नेमका प्रश्न विचारला तर नेमकं उत्तर द्यावं, आणि धमकी आली तर ती जपून ठेवून पोलिसांकडे जावं. धमकीला उत्तर म्हणून निवेदनातला शब्दही बदलू नये.

अशा मजकुरानं सगळे शांत होत नाहीत. ज्यांना वाद तापता ठेवायचा आहे, त्यांना तो अपुराच वाटेल. ज्यांना जाहिरातीत काहीच वावगं वाटलं नव्हतं, ते कंपनी झुकली म्हणतील. निवेदन लिहायचं ते या दोघांसाठी नाही. ज्या बाईनं दरवर्षी त्याच कंपनीचा मसाला घेतला आणि या वेळी टीव्हीसमोर बसून जिला मनातून वाईट वाटलं, तिच्यासाठी लिहायचं. तिला खटकलेली गोष्ट जशी आहे तशी लिहिलेली दिसली, तर ती बहुधा पुन्हा मसाला घेईल.

मुंबई-पुण्यातल्या अनेक कंपन्यांत असा मजकूर आजही आधी इंग्रजीत लिहिला जातो, त्यावर वकिलाचा आणि प्रसिद्धी विभागाचा हात फिरतो आणि मग घाईघाईत मराठी भाषांतर होतं. ‘असल्यास’, ‘दुखावल्या गेल्या’, ‘दिलगिरी व्यक्त करतो’ ही सगळी मंडळी त्या वाटेनंच येतात. येत्या सणात हा मजकूर लिहिण्याची वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांनी तो पहिल्यांदा मराठीत लिहावा, एखाद्या नाराज दुकानदाराला फोनवर वाचून दाखवावा आणि तो काय म्हणतो ते ऐकून मगच इंग्रजीत न्यावा.